कंठमण्यावरील क्षौर : नाजूक त्वचेच्या पुरुषासाठी काही व्यवहार्य सूचना

दाढी करताना गळा कापतो, ही तक्रार घेऊन सहसा कोणी वैद्याकडे येत नाही. रुग्ण येतो तो गळ्यावरच्या पुटकुळ्या, काळे डाग किंवा आग घेऊन, आणि आपण रक्तदुष्टीचा विचार करून मंजिष्ठा, सारिवा लिहून देतो. महिनाभराने तो पुन्हा येतो, तेव्हा पुटकुळ्या तशाच असतात. कारण रोज सकाळी आरशासमोर जे घडते त्याची आपण विचारपूस केलेली नसते. आमच्याकडूनही अनेक वर्षे ही चूक होत आली. रायगडच्या किनाऱ्यावर, कुंडलिकेच्या खाडीलगतच्या एका गावातील तरुणाच्या निमित्ताने ती आमच्या ध्यानात आली. त्या रुग्णाचा वृत्तान्त आणि त्यावरून आम्ही बसविलेली क्षौराची रीत येथे देत आहोत.

हा तरुण एकतीस वर्षांचा. जिल्ह्यातील एका रासायनिक कारखान्यात पाळीने काम करतो. वायुगळतीच्या वेळी चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क लावावा लागत असल्याने तेथे दाढी राखण्यास मनाई आहे. नियम योग्यच आहे. मास्कची रबरी कड आणि त्वचा यांच्यामध्ये दोन दिवसांचे खुंट जरी आले तरी फट राहते, आणि विषारी वायूला तेवढी फट पुरते. तेव्हा "काही दिवस दाढी करू नका" हा सोपा सल्ला देऊन मोकळे होणे आम्हाला शक्य नव्हते. त्याच्या कंठमण्याच्या डाव्या बाजूस तीन ताजे छेद, त्याखाली दहा-बारा लालसर पिडका आणि हंसलीच्या हाडाच्या वरच्या बाजूस जुने काळे डाग होते. गळ्याला हात लावू देण्यासही तो नाखूश होता. दोन वेळा मास्कचा पट्टा आवळल्यावर घामाने आग होऊन त्याने तो सैल केल्याचे त्याने आम्हाला हळूच सांगितले. आमच्या मते खरा धोका तेथे होता.

प्रथम प्रकृतीचा विचार. चरकाने विमानस्थानात पित्तल पुरुषाचे वर्णन करताना त्याची त्वचा सुकुमार, तीळ-पिडकांनी युक्त सांगितली आहे आणि दाढीमिशा मऊ, थोड्या व पिंगट सांगितल्या आहेत. शुद्ध पित्तप्रकृतीच्या माणसाला म्हणूनच क्षौराचा त्रास त्या मानाने बेताचा होतो. त्वचा नाजूक असली तरी केसही मऊ असतात. अडचण होते ती द्वंद्वज प्रकृतीत. या तरुणाची त्वचा पित्तल, गोरी, बोटाने घासताच लाल उठणारी. केस मात्र कफाचे, म्हणजे दाट, काळे, राठ आणि टोकाशी किंचित वळलेले. राठ केस कापण्यासाठी पात्याला जोर लागतो आणि तो जोर त्याची त्वचा सोसू शकत नाही. आमच्याकडे गळ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांत हाच मेळ वारंवार दिसतो, म्हणून प्रकृतिपरीक्षणाच्या वेळी त्वचा व श्मश्रू यांची नोंद स्वतंत्रपणे करावी असे आम्ही सुचवू.

आता स्थानाचा विचार. ज्याला आपण कंठमणी म्हणतो आणि बोलीत घाटी म्हणतात, तो स्वरयंत्राच्या पुढच्या कूर्चेचा उंचवटा होय. गालावर त्वचेखाली मांस व मेद यांची गादी असते. पाते थोडे जास्त दाबले गेले तर ती गादी दबते आणि त्वचा वाचते. कंठमण्यावर अशी गादी नाही. सुश्रुताने शारीरस्थानात अवभासिनीपासून मांसधरेपर्यंत सात त्वचांची मापे व्रीहीच्या हिशेबात दिली आहेत. पण लगेच असेही बजावले आहे की ही मापे मांसल जागेची समजावीत, कपाळ व बारीक बोटे अशा ठिकाणची नव्हेत. कंठमण्याचे नाव तेथे नसले तरी न्याय तोच लागू होतो. खाली कठीण कूर्चा, वर पातळ त्वचा आणि मधे फारसे काही नाही. शिवाय हा उंचवटा गोल आहे. सपाट गालावर पात्याची सगळी लांबी टेकते आणि हाताचा भार तिच्यावर वाटला जातो. गोल टोकावर मात्र तेच पाते अगदी थोड्या जागेवर टेकते आणि सगळा भार त्या एका ठिकाणी येतो. उंचवट्याच्या वर खाच आहे आणि दोन्ही बाजूंना उतार आहे, म्हणजे पाते वरून खाली येताना एकदा टेकडी चढते, एकदा दरीत पडते. बहुतेक छेद टेकडीच्या माथ्यावर न होता उताराच्या कडेला होतात, कारण तेथे पात्याचा कोन आपल्या नकळत बदललेला असतो.

त्यात हे स्थान स्थिर नाही. माणूस आवंढा गिळतो तेव्हा स्वरयंत्र साधारण दोन सेंटिमीटर वर जाते आणि पुन्हा खाली येते. गळ्यावर पाते टेकले की पुष्कळांना नेमका आवंढा येतो. या तरुणाला आम्ही आमच्यासमोर दाढी करण्यास सांगितले, तेव्हा तीन छेदांपैकी दोन कसे झाले असतील ते डोळ्यांनी दिसले. मान पूर्ण मागे टाकून, छताकडे पाहात, तो खालून वर एकच लांब हात मारीत होता. मान मागे टाकली की त्वचा ताणली जाते हे खरे, परंतु घाटीही पुढे येते. आणि मध्यावर पाते आले असता त्याने आवंढा गिळला.

तिसरे कारण केसांच्या दिशेचे. गालावरचे केस बहुधा वरून खाली वाढतात, म्हणून लोक गळ्यावरही तसेच धरून चालतात. प्रत्यक्षात गळ्याच्या खालच्या भागातले केस पुष्कळांच्या बाबतीत खालून वर किंवा बाजूने आत वाढतात, काहींच्या बाबतीत भोवरा करतात, आणि ते त्वचेला अगदी लगटून बाहेर येतात. दिशा माहीत नसताना मारलेला "सुलटा" हात त्या जागी उलटा ठरतो. उलट्या हाताने केस त्वचेच्या पातळीखाली कापला जातो; वळलेल्या केसाचे टोकदार अग्र मग बाहेर येण्याऐवजी त्वचेतच शिरते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तेथे पिडका उठते. दोन, तीन, पाच पाती एकावर एक बसविलेल्या रेझरमध्ये हे अधिक घडते, कारण पुढचे पाते केस ओढून धरते आणि मागचे तो आणखी खोल कापते. पुढच्या क्षौरात ती पिडका पात्याच्या वाटेत येते आणि तिचे टोक उडते. रुग्ण याला "कापले" म्हणतो. पण तो हाताचा दोष नसून आदल्या आठवड्याच्या दाढीचा परिणाम असतो. हा फरक चिकित्सेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. सरळ, रेषेसारखा छेद असेल तर हात, कोन किंवा पाते सुधारावे. गोल, ठिपक्यासारखा रक्तस्राव असेल तर आधी पिडका शमवाव्यात आणि मगच पाते लावावे.

भिंगातून पाहिल्यावर आमच्या रुग्णाच्या पिडकांपैकी सहा-सातांत आत वळलेला केस स्पष्ट दिसला. असा केस दिसला नसता तर दुसरा विचार करावा लागला असता. प्रत्येक केसाच्या मुळाशी पू धरणारी, स्पर्शाला दुखणारी पिडका ही केशमुळाच्या जंतुसंसर्गाची खूण आहे. कड उठलेले, खवले सुटणारे, खाजणारे मंडल असून त्यातले केस अलगद हाती येत असतील तर ती दद्रू समजावी; तिच्यावर तूप-तेल चोपडणे म्हणजे आगीत तेल ओतणे. आणि जेथे पाते फिरलेलेच नाही तेथवर खाज व लाली पसरली असेल तर साबण किंवा सुगंधी लोशन सोसत नाही असे धरून ते आधी बंद करावे. रक्त पातळ करणारी औषधे चालू आहेत काय, हेही विचारावे. आणि आवंढा गिळताना वरखाली होणारी गाठ दिसली तर क्षौराचा विषय बाजूला ठेवून गलग्रंथीची तपासणी करवून घ्यावी. गळा इतका जवळून पाहण्याचा प्रसंग दुसरा कोठे येतो?

आता उपाय. आमचे पहिले काम मास्कपासून सुरू झाले. रुग्णाला आम्ही मास्क घेऊन येण्यास सांगितले, तो चेहऱ्यावर बसवून रबरी कडेच्या खालच्या बाजूने डोळ्यात घालायच्या काजळाच्या कांडीने रेघ ओढली आणि मास्क काढला. रेघ हनुवटीच्या मागे, जबड्याच्या खालच्या बाजूने गेली होती. कंठमणी तिच्या बराच खाली होता. म्हणजे रोज गुळगुळीत हवा होता तो भाग रेघेपर्यंतचा आणि सावधगिरी म्हणून तिच्याखाली दोन बोटांचा. गळ्याचा उरलेला भाग रोज तासण्याचे कारणच नव्हते. त्याने आपल्या सुरक्षा अधिकाऱ्याला दाखवून तसे विचारून घेतले व होकार मिळाल्यावरच आम्ही पुढे गेलो. मास्कची घडण कारखान्यागणिक निराळी असते, तेव्हा ही रेघ प्रत्येकाने आपापल्या मास्कवरूनच काढावी.

चरकाने सूत्रस्थानाच्या आठव्या अध्यायात केस, श्मश्रू, रोम व नखे पक्षातून तीन वेळा कापावीत असे सांगितले आहे, म्हणजे सुमारे पाच दिवसांनी एकदा. रोज दाढीची सवय झालेल्या आजच्या पुरुषाला हे अंतर फार वाटेल. परंतु गळ्याच्या त्वचेला मधले चार दिवस मिळाले तर आत शिरू पाहणारा केस पुष्कळदा आपोआप बाहेर पडतो, असा आमचा अनुभव आहे. या रुग्णाच्या गळ्याला पहिले चौदा दिवस पाते लावू दिले नाही. रेघेच्या वरचा भाग तो रोज करीत होता. गळ्याचे केस चौथ्या दिवशी फार टोचू लागले तेव्हा छोट्या यंत्राने एक मिलिमीटर ठेवून छाटले. आत शिरलेल्या केसांपैकी ज्यांची कमान वर दिसत होती ती निर्जंतुक सुईच्या टोकाने फक्त उचलून मोकळी केली. ते केस उपटले नाहीत, कारण उपटलेला केस पुन्हा उगवताना त्वचेखालीच अडकू शकतो. रात्री शतधौत घृत हरभऱ्याएवढे घेऊन गळ्यावर पातळ पसरावयास दिले. पंधराव्या दिवशी पिडका बसल्या होत्या, डाग होते.

त्याच दिवशी केसांची दिशा पाहिली. याला आरसाही लागत नाही. वाढलेल्या केसांवरून बोटाचे टोक वर, खाली, डावीकडे, उजवीकडे फिरवावे. ज्या दिशेने बोट अडत नाही ती केसांची दिशा. थोडा कापूस फिरवला तर आणखी स्पष्ट कळते, तो उलट दिशेने अडकून तंतू सोडतो. या तरुणाच्या जबड्याखाली केस खाली येत होते, कंठमण्याच्या डाव्या अंगाला ते बाहेरून मध्याकडे वळत होते, आणि हंसलीच्या वर तीन बोटे सरळ वर चढत होते. छेद नेमके डाव्या अंगाला का होत, याचे उत्तर येथे मिळाले. आम्ही कागदावर गळ्याची आकृती काढून बाण दाखविले आणि तो कागद त्याने न्हाणीतल्या आरशाच्या कडेला चिकटवला.

हात बसविण्याआधी आम्ही त्याला चमच्याच्या दांड्याने सराव करावयास लावले. सुश्रुताने योग्यासूत्रीय अध्यायात शिष्याला लेखनकर्माचा अभ्यास केसांसह ताणलेल्या चामड्यावर करविण्यास सांगितले आहे. त्यातला "ताणलेल्या" हा भाग आम्हाला अर्थपूर्ण वाटतो. सैल त्वचेवर कोणतेही शस्त्र नीट चालत नाही. प्रश्न एवढाच की घाटी पुढे न आणता त्वचा ताणावी कशी. गावातील एका वयस्क नाभिक बंधूंना आम्ही हे विचारले, तेव्हा ते म्हणाले, "घाटीवर कधी हात चालवू नये, कातडी घाटीवरून खाली उतरवावी आणि मग चालवावा." त्यांनी करून दाखविले ते असे. मान सरळ, हनुवटी किंचितच वर. तोंड उजवीकडे थोडे वळवायचे. मोकळ्या हाताची दोन बोटे कंठमण्याच्या उजव्या बाजूस टेकवून त्वचा उजवीकडे दीड-दोन बोटे सरकवायची. जी त्वचा आतापर्यंत डाव्या उतारावर होती ती आता ताणून सपाट होते, आणि जी माथ्यावर होती ती बाजूच्या मऊ स्नायूवर जाऊन बसते. तेथे पाते टेकवून बोटाच्या पेराएवढे, सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरचे, लहान हात मारायचे आणि त्वचा सोडून द्यायची. मग दुसऱ्या बाजूने तसेच. कंठमण्याच्या माथ्यावर एकदाही पाते न नेता त्यावरची सगळी त्वचा स्वच्छ होते. आम्ही स्वतःच्या गळ्यावर करून पाहिल्यावरच ही रीत रुग्णाला शिकविली.

ज्यांची त्वचा वयामुळे फार सैल आहे किंवा गळा आखूड आहे त्यांना सरकविण्याची रीत जमत नाही. त्यांच्यासाठी दुसरी युक्ती आहे. आवंढा गिळून स्वरयंत्र वर गेलेल्या स्थितीत दोन क्षण धरून ठेवायचे. घाटी वर सरकल्याने तिच्या खालची जागा सपाट होते. पाते टेकवायचे ते घाटी वर स्थिर झाल्यानंतर, आणि उचलायचे ते ती खाली येण्याआधी. एका आवंढ्यात एकच हात. हा क्रम चुकला की नेमका तो छेद होतो जो टाळायचा असतो, म्हणून चमच्याचा सराव येथे अनिवार्य समजावा. दोन्ही रीतींत बोलणे वर्ज्य.

पात्याबद्दल थोडे विस्ताराने लिहावे लागेल. सुश्रुताने सांगितलेल्या आठ शस्त्रदोषांत कुंठ आणि खरधार हे दोन आहेत, आणि समुद्रकाठच्या न्हाणीघरात पाते या दोन्ही दोषांना लवकर पोचते. खारी, दमट हवा आणि ओलसर फळी यांमुळे धारेवर बारीक गंज धरतो; तो डोळ्यांना दिसत नाही, त्वचेला कळतो. गंज नसला तरी केसानेच धार मोडते. अमेरिकेतील एमआयटी संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखवून दिले की पोलादाहून कितीतरी मऊ असलेला केस कोनात वाकून धारेच्या कडेवर आला की तो धारेचा सूक्ष्म टवका उडवू शकतो. अशी दातेरी धार म्हणजे आपली खरधारच. या रुग्णाचे पाते तीन आठवडे चालत असे. आम्ही त्याला गळ्यासाठी एकपाती सुरक्षा रेझर वापरावयास सांगितले, आणि पाते तिसऱ्या-चौथ्या क्षौरानंतर टाकावयास सांगितले. धुतल्यावर ते टॉवेलने पुसायचे नाही, झटकून न्हाणीबाहेर कोरड्या जागी ठेवायचे. केस ओढल्यासारखा वाटला किंवा त्याच जागी दुसरा हात मारावा लागला तर पाते संपले असे समजावे, मोजदाद काही असो. एकपाती रेझरला जोर लागत नाही. दांड्याचे वजन पुरते. पाते त्वचेशी साधारण तीस अंशांचा कोन करील एवढाच दांडा कलता ठेवावा. ज्यांचा हात कापतो अशा वृद्धांना मात्र आम्ही एकपाती रेझर देत नाही. त्यांनी यंत्राने मिलिमीटरभर केस ठेवून छाटणे बरे.

पाण्याचा प्रश्न किनाऱ्यावर खास आहे. खाडीलगतच्या आणि खारेपाटातल्या विहिरींचे पाणी चैत्र-वैशाखात मचूळ होते आणि साबणाला फेस येत नाही. भांड्यात पांढुरका साका तेवढा जमतो. फेस नसेल तर पाते त्वचेवर कोरडेच घासते. उकळल्याने पाण्याचा काही कठीणपणा जातो, खारटपणा जात नाही. म्हणून दाढीपुरते अर्धा लिटर पिण्याचे पाणी वेगळे घ्यावे. खाडीतून किंवा होडीवरून आलेल्याने आधी गळा गोड्या पाण्याने धुवावा, कारण वाळलेल्या घामाचे व समुद्राचे मीठ त्वचेवर असते आणि पात्याखाली ते वाळूसारखे घासते. राठ केस मऊ होण्यास कोमट पाण्याचा किमान दोन-तीन मिनिटांचा संपर्क हवा. स्नानानंतर लगेच दाढी केली तर वेगळी खटपट नको. पाणी कोमटच असावे. गरम पाण्याने पित्तल त्वचा आधीच लाल होते.

येथे आमची एक चूक नोंदवितो. स्नेहनाच्या आवडीने आम्ही पहिल्या क्षौराआधी गळ्यावर खोबरेल तेल भरपूर लावावयास सांगितले होते. तेलाने साबणाचा फेस मोडला, बोटांखालची त्वचा निसटू लागली, सरकविलेली त्वचा धरून राहीना, आणि उजव्या बाजूस एक लहान छेद झाला. पुढच्या वेळी तेल चार-पाच थेंबांवर आणले, ते फेसाआधी पाच मिनिटे लावून जास्तीचे टिपून घेतले, आणि ज्या जागी बोटे टेकवायची ती जागा कोरडी ठेवली. तेव्हापासून अडचण आली नाही.

छेद झालाच तर ओली स्वच्छ घडी त्यावर दोन-तीन मिनिटे सलग दाबून धरावी. मधे उचलून पाहू नये. तरी न थांबल्यास तुरटीचा ओला खडा फक्त त्या बिंदूवर टेकवावा. स्फटिका स्तंभक आहे, परंतु ती रूक्षही आहे, आणि सगळ्या गळ्यावर ती घासण्याची जी रीत सलूनमध्ये दिसते ती नाजूक त्वचेला मानवत नाही. सलूनमधला सामाईक खडा तर वापरूच नये. एकाचे रक्त दुसऱ्याच्या जखमेला लागून काविळीचे विषाणू पसरू शकतात. पाते आपल्यासमोर नवे घालावे, हे आता बहुतेक ठिकाणी न सांगता होते. गळ्यावर उलटा हात नको, हे मात्र सांगावे लागते. पंधरा मिनिटे दाबूनही रक्त थांबत नसेल तर घरगुती उपाय पुरे करून रुग्णालयात जावे.

क्षौरानंतर थंड पाणी, टिपून कोरडे करणे आणि शतधौत घृताचा पातळ थर एवढेच. घृत थोडे-थोडे ताजे करावे, कारण उष्ण हवेत ते खवट होते. आश्विनातील उकाड्यात जाड थराखाली घाम कोंडून पुन्हा पिडका उठलेल्या आम्ही पाहिल्या आहेत. अशा दिवसांत कोरफडीचा गर बरा, मात्र पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्ण निथळू द्यावा, तो दाह करतो. जात्यादी तैल ताज्या तासलेल्या त्वचेवर सरसकट लावू नये, त्यात तुत्थ आहे.

पोटातील औषधाविषयी थोडक्यात. मंजिष्ठा व सारिवेचा क्वाथ आम्ही सहा आठवडे दिला, आहारातले लोणचे, सुकी मासळी व मिरची कमी केली. त्याचा वाटा किती आणि हाताच्या सुधारणेचा किती, हे आम्हाला वेगळे काढून दाखविता येणार नाही.

तिसऱ्या आठवड्यात एकदा रात्रपाळीहून आल्यावर घाईत, कोरड्या गळ्यावर त्याने जुनेच पाते फिरविले आणि डाव्या बाजूस कापून घेतले. ते त्याने स्वतःच सांगितले. त्यानंतर पाळीच्या दिवशी रेघेखाली पाते लावायचेच नाही, गळ्याचे क्षौर सुटीच्या सकाळी स्नानानंतर करायचे, असा नियम त्याने घालून घेतला. ते सुमारे पाच दिवसांनी एकदा येते. सहा आठवड्यांच्या शेवटी गळ्यावर नवा छेद नव्हता, दोन लहान पिडका होत्या, हंसलीवरचे डाग फिकट झाले होते पण गेले नव्हते. डाग जाण्यास आणखी महिने लागतील आणि काही राहतीलही, हे आम्ही त्याला सांगितले आहे. मास्कचा पट्टा आता पूर्ण आवळता येतो, असे तो म्हणाला. आम्ही त्याला तो चिकित्सालयातच लावून दाखविण्यास सांगितले आणि कडेखाली बोट सरकत नाही ना, ते तपासून पाहिले.